अध्यक्षांच्या तोंडाखालची ओळ

जळगावच्या मूकबधिर शाळेच्या अध्यक्षांनी गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात माझ्या फिल्ममधल्या, बोलणं लिहून दाखवणाऱ्या कॅप्शन बंद करायला लावल्या, तेव्हाच मी मनात म्हटलं, थांब, तुला बघूनच घेते. माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत शिकला, आता तिथेच मुलांना शिवणकाम शिकवतो. त्याला ऐकू येत नाही. मी धुळ्यात व्हिडिओ एडिटिंग करते, शाळेची फिल्म दरवर्षी माझ्याकडेच असते.

तेव्हा अर्धी चूक माझी होती. मी क्लोज्ड कॅप्शन दिल्या होत्या, म्हणजे फाइल वेगळी, बटण दाबलं की गायब. "अक्षरांनी चेहरा झाकतो," एवढं अध्यक्ष म्हणाले आणि ऑपरेटरने बटण दाबलं. पाऊण तास पोरं नुसते हलणारे ओठ बघत बसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा मुख्याध्यापिकांनी ओपन कॅप्शन मागितल्या, सगळ्यांना सतत दिसणाऱ्या. पण ओपन म्हणजे पक्क्याच असं नाही. त्याही वेगळ्या फाइलवरून दाखवल्या तर ऑपरेटर ती फाइल काढून टाकू शकतो. म्हणून मी अक्षरं चित्रातच बर्न केली. आता ती चित्राचाच भाग. बिनअक्षरांची प्रत फक्त माझ्या धुळ्याच्या कॉम्प्युटरवर.

आणि अध्यक्षांचा शुभेच्छा संदेश पहिल्या सेकंदापासून ठेवला. कॅमेरा सुरू झालाय हे कळायच्या आत ते हसत म्हणाले होते, "उरका लवकर. तिथं ऐकू कोणाला येणारंय?" एरवी असले तुकडे मी कापते. हा ठेवला आणि शब्दन् शब्द खाली लिहिला.

हॉल भरलेला होता, पालकही होते. ती ओळ पडद्यावर आली तसे अध्यक्ष ताडकन उठले. ऑपरेटरने फिल्म थांबवली. ओळ तशीच, त्यांच्या हसऱ्या तोंडाखाली. त्याने बटण दाबलं, मेनू उघडला, पेन ड्राइव्हवर फाइल शोधली. असेल तर सापडेल ना.

"ताई, हे काढा आधी," अध्यक्ष माझ्याकडे येऊन म्हणाले.

"भाऊ, ते निघत नाही. झाकायचं तर तुमचा चेहरापण झाकावा लागेल."

माझ्या शेजारी बसलेली आमची आई पुटपुटली, "बठ्ठासनी वाचं." सगळ्यांनी वाचलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वर्षभराचा राग एका मिनिटात वसूल झाला.

अध्यक्ष मान खाली घालून बाहेर गेले. मी भावाकडे बघितलं, तो हसेल म्हणून. तो हसला नाही. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी आपल्या बापाकडे वळून पडद्याकडे बोट दाखवत होती आणि बाप खाली बघत होता.

भावाने हातांनी मला विचारलं, "तो अध्यक्ष आम्हाला काय समजतो ते माहीतच होतं. तू ते या पोरांच्या आईबापांसमोर का लिहिलंस?"