एका पत्त्याची तीन दारे

पत्ता बरोबर असला की माणूस पोहोचतोच. हे माझ्या भावजींचे मत, आणि टपाल खात्यात हयात घालवलेल्या माणसाशी यावर वाद घालू नये, एवढे मला कळत होते. तशी त्यांची चूक एकच होती. पत्राला गुडघे नसतात.

ताईच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. पायऱ्या बंद, थोडे चालणे चालेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण हडपसरच्या एका मॉलमध्ये तिच्या नातीचा नाच होता आणि तो पाहायचाच असे तिने ठरवले होते. भावजींनी ॲपवर मॉलचे नाव टाकले आणि कर्वेनगरहून आम्ही तिघे रिक्षाने निघालो.

रिक्षा थांबली ती एका लोखंडी फाटकासमोर. आत खोक्यांनी भरलेला टेम्पो उभा.

"काका, इथून फक्त माल जातो," पहारेकरी म्हणाला.

"पत्ता हाच आहे," भावजी म्हणाले.

"पत्ता हाच आहे. तुमचं गेट हे नाही."

"अहो, मला एखाद्या खोक्यात घाला," ताई म्हणाली. "म्हणजे तरी आत घेतील."

घोळ माझ्या लक्षात आला. मॉलचे नाव टाकले की नकाशा खूण करतो इमारतीच्या पोटात. तिथे रिक्षा जात नाही, म्हणून तो जवळचा रस्ता दाखवतो. तो निघाला मागचा. एवढ्या इमारतीला एकच दार ठेवले, तर टेम्पो, मोटारी आणि माणसे तिथेच एकमेकांना भिडतील, म्हणून दारे वाटलेली असतात. आपल्याला आत कुठे जायचे ते आधी ठरवायचे, दार मग.

नाच सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि मॉलला वळसा घालून चालणे ताईला जमणारे नव्हते. मी भाचीला, म्हणजे नातीच्या आईला, फोन लावला; ती मुलीला घेऊन आधीच पोहोचली होती.

"मामा, गेट एकला नका येऊ. मुख्य दार तेच, कारंजं वगैरे आहे, पण नुसत्या पायऱ्या. तीन मागच्या बाजूला आहे, पण तिथे उतार आहे, आणि स्टेज समोरच. मी तिथे जाऊन उभी राहते आणि तिथलंच लोकेशन पाठवते."

लोकेशन आले, रिक्षावाल्याने पुढून वळण घेतले, आणि पहिल्या गाण्याआधी ताई खुर्चीत बसलेली होती. नात मागच्या रांगेत होती. ताईच्या मते बाकीच्या मुली तिच्या पुढे उगाच उभ्या होत्या.

"आम्हाला कोणी मागच्या दाराने आत घेतलेलं नाही आजवर," भावजी मधूनच पुटपुटले.

"घेतलं की आज," ताई म्हणाली. "नाच बघा."

परतीची रिक्षा मी गेट तीनलाच बोलावली. ताईला नीट बसवले. भावजी दिसेनात, म्हणून फोन केला.

ते गेट एकवर, कारंज्यापाशी आमची वाट पाहत उभे होते.