काचेवर राहिलेला चेहरा

मुलांनो, आज मी एका माणसावर फार ओरडले. जुने फोटो दुरुस्तीला घरी आणणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते, काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, फ्रेमसकट आणा. तरी सेलूचा भाजीवाला आईचा एकुलता एक फोटो सोलूनच घेऊन आला. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद!

"मावशी, तुमचं काम हलकं केलं."

"अन् काच?"

"थे उकिरड्यावर फेकली."

"काऊन फेकली? तुझी माय त्या काचेवरच राह्यली! जा, शोधून आण."

संध्याकाळी त्याने तुकडे आणले. मागे पांढरा कागद ठेवून मी ते स्कॅन केले. डावा डोळा सापडलाच नाही.

तुमच्याकडचा पणजीचा फोटोही काचेला चिकटलाय. खबरदार, हात लावाल तर!