गळ्यातला बदामी बिल्ला

बोरिवली स्टेशनबाहेरच्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायचो. लोकांच्या गालांवरचे देवीचे व्रण घालवणं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळणं, नवऱ्यामुलाचं कपाळ थोडं लहान करणं, असला उद्योग. मला त्याचा गर्व होता आणि तो जरा जास्तच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. फोटोत जे बरं दिसत नाही ते काढून टाकायचं, एवढंच मी शिकलो होतो. ते तिथे का आहे, हे विचारायची सवय मला नव्हती.

एकदा गोरेगावच्या एका तबेलेवाल्याने त्याच्या म्हशीचा फोटो काढून घेतला होता. म्हशीच्या कानात पत्र्याचा बिल्ला होता आणि त्यावरचं ऊन फोटोत फार मारत होतं, म्हणून मी तो घालवला. तबेलेवाला दुकानात येऊन माझ्यावर उखडला. त्या बिल्ल्यावरच्या नंबरावरून म्हैस कुणाची, कुठल्या तबेल्यातली हे सांगता येतं, म्हैस चोरीला गेली तर मी चौकीवर काय दाखवू, तुझं रिटचिंग? मालकांनी त्याला चहा पाजून शांत केलं. मला मात्र त्यात माझी चूक आहे असं वाटलंच नाही. एक कबुतरवाला यायचा, तोही कबुतराच्या पायातली कडी स्पष्ट दिसली पाहिजे म्हणून हटून बसायचा; ज्याची कडी त्याला कळवता येतं म्हणे. मी मनात म्हणायचो, काय एकेक नमुने भेटतात.

एका साली एप्रिलअखेर आमच्या ताईच्या शाळेचा ग्रुप फोटो आमच्याकडे होता. ताई कांदिवलीला मुलींच्या शाळेत चौथीला शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आई, ती आणि मी असे तिघे एका घरात राहायचो. मालक स्टँडचा कॅमेरा घेऊन शाळेच्या पटांगणात गेले. मुली तीन रांगांत बसल्या आणि कुठून तरी एक तपकिरी कुत्रा येऊन पुढच्या रांगेत शिरला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला. मुलींनी हट्ट धरला की तोही राहू दे. मालकांनी दोन काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, घेतल्या. दुसरी झाल्यावर ताई त्याला पट्ट्याला धरून बाहेर काढायला गेली आणि त्याने तिच्या मनगटावर दात रुतवले.

हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. निरोपसमारंभाची गडबड होती म्हणून तिने घरी सांगितलं नाही, लांब बाह्यांचं पोलकं घालून हिंडत राहिली. आईनेच ते पाहिलं. तोवर मी माझं काम चोख उरकलं होतं. निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो. पहिल्या काचेत कुत्र्याच्या गळ्यापाशी, बिल्ल्यावरच्या उन्हाचा, तसा एक काळा ठिपका होता, तो मी पातीने खरवडून साफ केला होता. पेन्सिलीने भरलेलं असतं तर टर्पेंटाइनने पुसून मूळचं परत आणता आलं असतं. खरवडलेलं परत येत नाही.

डॉक्टर आमच्याच आळीतले, फार न बोलणारे. त्यांनी जखम साबणाने पुन्हा धुतली आणि म्हणाले, कुत्रा शोधा. चावल्यापासून दहा दिवस तो धडधाकट राहिला तर काही करायला नको. मेला, बिघडला किंवा सापडलाच नाही तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, रोज एक. ती लस स्वतःच कधी कधी माणसाला लुळं करते, हेही त्यांनी लपवलं नाही. त्यांचं मत आजच सुरू करून कुत्रा चांगला निघाला तर थांबवावं असं होतं. ताई इंजेक्शनाला तयार होईना. आणि आईने तिची बाजू घेतली: कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला होता, म्हणजे घरचा, कुणी तरी पोसलेला, त्याला कसलं काय.

मला आता लाज वाटते, पण मीही मान डोलावली. त्या आठवड्यात जो कोणी विचारायला आला त्याला मी हेच सांगितलं. बिल्लेवाला कुत्रा आहे, काळजीचं कारण नाही. शेजारपाजारचे ऐकून निर्धास्त घरी जायचे.

पण आतून काही बरं वाटत नव्हतं. ताई स्वयंपाकघरात काही तरी करता करता मध्येच थांबायची आणि मनगट दुसऱ्या हाताने धरून उभी राहायची. विचारलं की म्हणायची, ठणकतंय जरा. पाचव्या दिवशी मी दुसरी काच बाहेर काढली. ती मालकांनी टाकून दिल्यासारखीच ठेवली होती, कारण तीत कुत्र्याने मान वळवली होती. त्यामुळे बिल्ल्यावर ऊन पडलं नव्हतं. भिंग लावल्यावर त्याचा आकार स्पष्ट दिसला, पत्त्यांतल्या बदामासारखा, आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे वाचता आले. मी तेवढा भाग मोठा छापून घेतला.

बोरिवलीची नगरपालिका तेव्हा वेगळी होती, मुंबईत यायची होती. कुत्र्यांच्या परवान्यांचं आणि बिल्ल्यांचं काम पाहणाऱ्या तिथल्या कारकुनांकडे मी गेलो; ते चष्मा कपाळावर चढवून बसले होते. फोटो हातात घेतल्यावर त्यांनी आकड्यांकडे आधी पाहिलंच नाही.

"हा बदामी आहे," ते म्हणाले. "दर साली आम्ही आकार बदलतो, लांबून ओळखता यावं म्हणून. बदामी म्हणजे गेल्याच्या गेल्या सालचा. त्यानंतर ह्या कुत्र्यासाठी इकडे कोणी फिरकलेलं नाही."

मी म्हटलं, म्हणजे पाळलेला तर आहे ना.

"होता. आणि बिल्ला म्हणजे परवाना रे बाबा, लस नाही. कुत्रा शहाणा की पिसाळलेला, हे पितळेला काय कळणार?"

त्यांनी त्या सालचं रजिस्टर काढलं. ते शेवटचे दोन आकडे असलेले चारच नंबर होते आणि त्यात तपकिरी नर एकच होता. पत्ता बोरिवलीच्या एका बंगल्याचा. मी निघालो तेव्हा त्यांनी बजावलं की कुत्रा सापडला तर मला कळव, पण आधी डॉक्टरला कळव. आणि मेलेला सापडला तर गुरांच्या डॉक्टरला बोलवून मगच हात लाव.

बंगल्याला कुलूप होतं. मागे माळ्याची खोली होती. मालकमंडळी दीड वर्षापूर्वी पुण्याला गेली, कुत्रा इथेच राहिला, मिळेल ते खायचा, असं त्याने सांगितलं. मधे दोन दिवस नाहीसा झाला होता. परत आला तो जबडा लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती. घशात हाड अडकलं असेल म्हणून माळी काढायला गेला, पण कुत्रा खाटेखालून बाहेर येईना आणि जवळ येऊ देईना. कालच्या सकाळी तो मेलेला होता. माळ्याने काठीला दोरी बांधून त्याला ओढत नेऊन फणसाखाली पुरलं. पट्टा तसाच गळ्यात होता.

मी तिथून तडक डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ऐकून फक्त टोपी घातली. त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात ताईला पहिलं इंजेक्शन दिलं. परत येताना ती एवढंच म्हणाली की सहा दिवस गेले ना रे. मला तिची क्षमा मागायची होती, पण ती मागितली तर प्रकरण खरंच तेवढं वाईट आहे असं तिला वाटेल, या भीतीने मी गप्प बसलो. नगरपालिकेच्या गुरांच्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी फणसाखाली खणलं. उन्हाळ्यात इतक्यात मेंदू तपासण्याजोगा राहिला नाही, पण माळ्याने सांगितलेली लक्षणं पुरेशी आहेत, पिसाळलेलाच धरा, असं त्याने कळवलं.

चौथ्या इंजेक्शनाच्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं की त्या कुत्र्याने आणखी कुणाला काही केलं का. मी छातीठोकपणे नाही म्हणालो. ते म्हणाले, "चावलाच पाहिजे असं नाही. उघड्या जखमेला लाळ लागली तरी पुरते. तुमच्याकडे फोटो आहे ना?"

मी स्टुडिओत जाऊन दुसरी काच पुन्हा उजेडावर धरली. कुत्र्याने मान का वळवली होती ते तेव्हा दिसलं. शेजारच्या मुलीने हात पुढे केला होता आणि तो तिचा हात चाटत होता. तिच्या बोटांच्या मधे खरजेचे फोड होते, काही फुटलेले. ही काच मी भिंगाखाली किती वेळ पाहिली होती, त्याला गणती नाही. पाहत होतो तो फक्त बिल्ला. मी तेवढा भाग छापून घरी नेला.

ताईने मुलगी लगेच ओळखली. ती मालवणकडची, सुटी लागल्या लागल्या आईबरोबर बोटीने गावी गेलेली. वडील कांदिवलीतच होते, गिरणी सोडून एका कारखान्यात लागलेले. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आम्हाला पाटावर बसवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले.

"कुत्र्यान चाटल्यान, चावलो तर नाय," ते म्हणाले. "आणि त्याच्या गळ्यात बिल्लो होतो मां?"

आळीतून ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. माझंच वाक्य. मी त्यांना बदामी आकार म्हणजे काय ते सांगितलं, कुलूपबंद बंगला सांगितला, फणसाखालचा खड्डा सांगितला. बोलता बोलता माझा आवाज चढला. ते ऐकत होते, पण बिल्ल्यावरून मागे हटत नव्हते. शेवटी ताईने बाही वर सरकवून मनगट पुढे धरलं आणि पोटावर हात ठेवून म्हणाली की मी चौथं घेऊन आलेय. मग ते उठले. त्याच आठवड्यातल्या बोटीने ते गेले.

पोरीला घेऊन ते परत आले तेव्हा फोटोला अठरा दिवस झाले होते. चौदाही इंजेक्शनं तिने रडत रडत घेतली. तिचं शेवटचं झालं तेव्हा डॉक्टरांनी ताईला बाजूला घेतलं. लस वेळेत पोचली की नाही हे आज सांगता येत नाही, ते म्हणाले. काही महिने, दिवाळीपर्यंत तरी, लक्ष ठेवा. तहान असून पाणी घशाखाली उतरेनासं झालं, तर समजा. त्यापुढे उपाय नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी आता पाचवीत होती, वर्ग दुसऱ्या बाईंचा, पण मधल्या सुटीत ताई व्हरांड्यातल्या माठाजवळ जाऊन उभी राहायची. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाई आपल्यावर लक्ष ठेवून असतात म्हणून ती वैतागायची. घरी मीही तेच करत होतो. जेवताना ताईचा हात भांड्याकडे गेला की माझा घास हातात राहायचा. मी बघतोय हे तिला कळायचं. ती भांडं उचलायची, माझ्याकडे बघत सगळं पाणी प्यायची आणि भांडं ताटाशेजारी पालथं घालायची.

"दोघी प्यायलो आज," ती म्हणायची. दिवाळीपर्यंत रोज.