सव्वीस नंबरचं पत्र

पाटणकर बाई,

टाकीच्या तोंडाशी उभं राहून पगार घेणाऱ्यांकडे किस्से गाळासारखे साठतात. ढवळल्याशिवाय तळाशी काय आहे ते कळत नाही. आज ढवळतेय, कारण तुम्हाला एक विचारायचंय.

*

पहिला किस्सा तुमचाच. घणसोलीच्या शाळेत मी परीक्षानळी थेट नाकाला लावली, तर मागून हाक आली, "सव्वीस, मागे हो!" नावाने तुम्ही मला कधी बोलावलंच नाहीत, हजेरीचा नंबरच. मग म्हणालात, "सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर बरं. गॅस जास्त झाला की आधी नाक मरतं, मग माणूस." आम्ही हसलो होतो.

*

बीएस्सीनंतर मला बँकेत चिकटायचं होतं. तुम्ही दिलेला इंडस्ट्रियल सेफ्टीच्या डिप्लोमाचा फॉर्म मी भेळेखाली घातला. शेवटच्या दिवशी तुम्ही दुसरा घेऊन दारात हजर. आई म्हणाली, "बाई उन्हातून आल्यात, भर की एकदाचा." आईच्या धाकाने भरला, खरं सांगते.

*

तळोज्यातल्या कारखान्यात माझा पहिला महिना. आमचे सुपरवायझर शिंदेकाका टाकीत डोकावून म्हणाले, "वास गेला, म्हणजे गॅस गेला."

मी मीटरची नळी आत सोडली. वर ठीक, मध्ये ठीक. हा तोच सडक्या अंड्याचा गॅस, हवेपेक्षा जड, तळाला बसतो. तळाशी मीटर बोंबलायला लागला. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

टाकीत उतरणारा आपला बिल्ला बाहेरच्या फळीवर टांगतो, वर आला की काढतो. बिल्ला असेपर्यंत झाकण लावायचं नाही. एकदा सगळे बाहेर, तरी गणपतचा बिल्ला तिथेच.

मी हाक मारली, "गणपत!"

आतून आलं, "ओ."

टॉर्च मारली. टाकी रिकामी. गणपत कँटीनमध्ये मिसळ खात होता.

*

गेल्या मंगळवारी, सकाळी अकराला, तोच गणपत गाळ उपसायला उतरला. मीटर तिन्ही ठिकाणी ठीक होता, परमिटवर सही माझी. पण गाळ हलला की त्यात अडकलेला गॅस सुटतो. त्याच्या छातीवरचा मीटर वाजला आणि तो गुडघ्यांवर बसला.

वाचवायला आत उडी मारणाराही मरतो, हे सगळ्यांना मीच शिकवते. तरी माझा पाय शिडीवर गेला. त्याला दोन पोरी आहेत, एवढंच डोक्यात होतं.

"सव्वीस, मागे हो!"

मी मागे झाले. दोर त्याच्या पट्ट्याला बांधलेलाच होता. बाहेरूनच चरखी फिरवून त्याला वर ओढलं, ऑक्सिजन लावला. आता तो घरी आहे, पोरींना ओरडतोय. बाई, त्या फॉर्मबद्दल थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं.

टाकीच्या तोंडाशी राखणीला गावातला काशिनाथ होता. शाळेचं मी त्याला कधी काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताय, तिथं बाईमानूस तुमी एकल्याच व्हत्या. मंग ती हाक मारनारी दुसरी कोन? आन सव्वीस कोन हाय?"

बाई, मंगळवारी सकाळी अकराला तुम्ही कुठे होतात?