कवडू वरठी आणि सातवं कलम

कवडूभाऊला वाचता येत नव्हतं. पण त्याच्या करारनाम्यातली अकराही कलमं त्याला पाठ होती.

करारनामा एका धर्मादाय दवाखान्याशी होता. साठ खाटांचा दवाखाना. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं कवडूभाऊ सायकलवर घाटावर आणायचा आणि तिसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा. धंद्यानं वरठी, म्हणजे परीट. वय पन्नाशीचं. बोलणं कमी. मी त्याच्या घरासमोर खोली घेऊन राहत होतो. मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि प्राध्यापकाच्या नोकरीसाठी अर्ज करत होतो. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला पेपर वाचून दाखवायचो. त्याला पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा हरवले-सापडलेच्या जाहिराती आवडत. "यात कामाचं लिवलं असते," असं तो म्हणायचा.

त्याची पत्रं आधी एक म्हातारे शिक्षक लिहून देत. ते वारले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. वर्षातून दोन-तीनदा एकच पत्र लिहायचं असे. तो सांगायचा, मी लिहायचो:

"करारनाम्यातील कलम सातप्रमाणे संसर्गाच्या रुग्णांचे व जखमांचे कपडे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने जंतुनाशकात भिजवून, वेगळ्या गाठोड्यात लाल दोरीने बांधून द्यावयाचे आहेत. गेल्या सोमवारपासून तसे मिळत नाहीत. कृपया कलम सातप्रमाणे मिळावेत."

बस एवढंच. खाली त्याचा अंगठा. चार-पाच दिवसांत लाल दोरीचं गाठोडं पुन्हा येऊ लागायचं. मला वाटायचं, हा योगायोग आहे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गाठोडी पुन्हा एकत्र येऊ लागली. त्या रविवारी मी घाटावर गेलो होतो. कवडूभाऊची बायको इंदूबाई टाकीपाशी बसून चादरी निवडत होती. रक्ताचा डाग गरम पाण्यात पक्का होतो, म्हणून भट्टीत घालण्याआधी तो थंड पाण्यात हातानं चोळावा लागतो. हे काम तिचं. सोड्यानं तिच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. एका चादरीच्या घडीतून पू लागलेली पट्टी निघाली. तिनं ती दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली आणि पुढची चादर घेतली.

"वहिनी, हात तरी धुवा."

"किती वेळा धुवू? अजून चाळीस चादरी हायेत नं."

मी घरी आलो तो संतापानं पेटून. संध्याकाळी कवडूभाऊ आला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "ताराचंद गा, ते सात नंबरचं लिवून दे."

मी म्हटलं, "आज मी माझ्या मनानं लिहितो. तुमच्या त्या कोरड्या पत्रानं कोणाला लाज वाटणार आहे?"

"लाज वाटून काय करायचं हाय? गाठोडं वेगळं पायजे."

"तुम्ही बघाच."

मी दोन पानं लिहिली. पांढऱ्या कपड्यांतल्या क्रौर्याबद्दल लिहिलं. सेवेचं सोंग घेणाऱ्यांबद्दल लिहिलं. ज्यांच्या हातांवर तुमची शुभ्रता उभी आहे त्यांना तुम्ही माणूस समजत नाही, असं लिहिलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'अमानुष वागणुकीबाबत'. वाक्यं चांगली होत होती. मला आनंद होत होता, हे मी लपवत नाही.

कवडूभाऊला मी मधलं मधलं वाचून दाखवलं. तो खालमानेनं ऐकत होता.

"लय मोठं झालं," तो म्हणाला. "कलम टाकलं नं?"

कलम टाकलं नव्हतं. आकडा आला की पत्राचा सूर बिघडत होता. मी ते दोनदा करून पाहिलं होतं आणि खोडलं होतं.

"टाकलं," मी म्हटलं.

त्यानं अंगठा लावला.

पाच दिवस गेले, आठ गेले. गाठोडी तशीच येत होती. दहाव्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला की साहेबांनी बोलावलंय. कवडूभाऊनं मला सोबत घेतलं. "कागदाचं काई इचारलं तं तू राहशील," तो म्हणाला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

सुपरिंटेंडेंट साहेब टेबलामागे बसले होते. बाजूला मेट्रन सिंधूताई. पंचावन्नच्या, जाड चष्म्याच्या. आजवर लाल दोरीचं गाठोडं सुरू व्हायचं ते यांच्याच सांगण्यावरून, हे मला नंतर कळलं. त्यांच्या मागे तीन सिस्टर उभ्या होत्या. माझी दोन पानं टेबलावर होती आणि त्यांवर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"क्रूर कोण?" साहेबांनी विचारलं. "नाव सांगा."

कवडूभाऊ टेबलावरच्या पानांकडे पाहत होता.

"सोंग कोण घेतं? कोणी अमानुष वागवलं? कधी? तक्रार स्टाफविरुद्ध आहे, मला चौकशी करावी लागते. नाव नाही, तारीख नाही, वॉर्ड नाही. मी चौकशी कोणाची करू?"

सिंधूताई म्हणाल्या, "कवडू, सात वर्षं तू इथं येतोस. मी तुला कधी हलकं बोलले?"

"नाई बाई."

"मग मला माणसातून का उठवलंस?"

त्यांचा आवाज बारीक झाला होता. मागची एक सिस्टर म्हणाली, "आम्ही कोणी त्याच्याशी बोलतसुद्धा नाही. कपडे आया देतात. आम्ही सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिलाय. माफी पाहिजे."

साहेबांनी पानं उचलली. "हे कोणी लिहिलं?"

मी दाराशी उभा होतो. चार पावलांवर. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते.

कवडूभाऊनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "माहं हाय, साहेब. अंगठा माहा हाय."

मग त्यानं हात जोडले. सिंधूताईंची माफी मागितली. मग तिन्ही सिस्टरांची, एकेकीसमोर उभं राहून. ज्या शब्दांची तो माफी मागत होता ते त्याला पुरते माहीतही नव्हते. मी खाली फरशीकडे पाहत राहिलो.

बाहेर व्हरांड्यात आवक-जावकचा कारकून देवराव बसत असे. त्यानं आम्हाला थांबवलं.

"काहून गा कवडू, या वेळी कोणाच्या नादी लागला?" तो म्हणाला. "दरवेळी तुहं पत्र आलं का मी कराराची फाईल काढतो. सातवं कलम पाहतो. त्यात लिवलं हाय इन्चार्ज सिस्टर. मंग मी पत्र मेट्रनबाईकडं पाठवतो, बाई वॉर्डात सांगते, काम होते. कोणाले राग नाई, लोभ नाई. नवीन पोरी येतात, त्यायले ठाऊक नसते, इतलंच. हे पत्र मी कोणत्या फाईलले लावू? विषय काय, तं अमानुष वागणूक. तशी फाईलच नाई आपल्याकडं. मले ते साहेबाकडंच न्यावं लागलं."

"मंग चादरीचं?" कवडूभाऊनं विचारलं.

"प्रकरण चौकशीत हाय. ते निपटल्याशिवाय आता कोणी हात नाई लावत. बाईबी नाई लावणार, आता तं त्याईच्यावरच आरोप हाय."

कवडूभाऊनं सायकलचं स्टँड काढलं. रस्ता ओलांडल्यावर तो म्हणाला, "तू टाकलं म्हणला होता."

"हो."

तो सायकल ढकलत पुढे चालू लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

चौकशी पाच आठवडे चालली. तिसऱ्या आठवड्यात इंदूबाईच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. भेगेतून काहीतरी आत गेलं होतं. ताप आला. मेयो हॉस्पिटलमध्ये नेऊन बोटाला चीर द्यावी लागली. बोट वाचलं, पण वाकेनासं झालं. ते त्या चादरींमुळेच झालं असं डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. पण हिशेब मला कळतो. मी आठवडे मोजतो. जुनं पत्र गेलं असतं तर गाठोडी पहिल्याच आठवड्यात वेगळी झाली असती.

चौकशीचा कागद आला. 'आरोप निराधार. सक्त ताकीद.' त्याच दिवशी कवडूभाऊ कोरा कागद घेऊन माझ्या खोलीत आला. मला वाटलं होतं, तो आता दुसऱ्या कोणाकडे जाईल.

"लिव," तो म्हणाला. "करारनाम्यातील कलम सातप्रमाणे."

मी लिहिलं. त्यानं तारीख सांगितली, वॉर्डाचा नंबर सांगितला. शेवटी मी विचारलं, वहिनींच्या बोटाचं लिहू का.

"बोटाचं कोणतं कलम हाय?"

"नाही."

"मंग राहू दे. सातमध्ये सगळं येते."

कागदाची घडी घालून तो म्हणाला, "चाल." आम्ही दवाखान्यात गेलो. त्यानं तो कागद देवरावसमोर ठेवला. "अंगठा लावाच्या आधी वाचून दाखव," तो म्हणाला. माझ्यादेखत. देवरावनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश, शब्द मोकळे करत वाचलं. कवडूभाऊ ओठ हलवत ऐकत होता. सात आलं तेव्हा त्यानं मान हलवली. मग शाईचा डबा पुढे ओढला.

चौथ्या दिवशी लाल दोरीचं गाठोडं आलं. त्याला फिनेलचा वास होता. मी त्या दिवशी घाटावर गेलो, कारण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. कवडूभाऊ भट्टी पेटवत होता. इंदूबाई डाव्या हातानं डाग चोळत होती. उजवा हात तिनं गुडघ्यावर ठेवला होता, बोट सरळ.

"वहिनी," मी म्हटलं, "ते पत्र मी लिहिलं होतं. कलम टाकलं नाही आणि टाकलं म्हणून सांगितलं."

"माहीत हाय. यानं सांगतलं." ती हात न थांबवता म्हणाली. "होतं काय पण त्यात? साऱ्या दवाखान्याले झोंबलं म्हणतात. हाय का तुह्यापाशी?"

कच्ची प्रत माझ्या वहीत होती. वही माझ्या पिशवीत होती. नाही म्हणता आलं असतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं.

मी वाचलं. सगळं वाचलं. पांढऱ्या कपड्यांतलं क्रौर्य, सेवेचं सोंग, हातांवर उभी असलेली शुभ्रता. मोठ्यानं वाचताना कळत होतं की वाक्यं चांगली आहेत. घाटावर दुसऱ्या बायाही चोळायच्या थांबल्या होत्या. दोन पानं संपायला बराच वेळ लागला.

इंदूबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग थोडं थांबली, आणखी काही यायचं असेल म्हणून.

"झालं?"

"झालं."

"यात चादरी कुठं हायेत?" तिनं विचारलं.

मी वही चाळली. दोन्ही पानं पुन्हा पाहिली. चादर हा शब्द कुठंच नव्हता.