गजराबाईच्या हनुवटीवरचं गोंदण

गजराबाईइतकं गोंदण आमच्या कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कुणाच्याच तोंडावर नव्हतं. हनुवटीवर, दोन्ही गालांवर, कपाळावर, ठिपक्याला ठिपका लागलेला. आम्ही बायका म्हणायचो, गोंदणारणीनं उरलेली शाई हिच्यावरच संपवली असंल. ती हसायची आणि पदर पुढं ओढायची. कापूस निवडायला माझ्या शेजारीच बसायची. हात असा चालायचा की सरकीतला खडा तिला डोळे झाकून सापडायचा.

तिचा नवरा बैलगाडीखाली पाय सापडून घरी बसला होता. दोन लेकरं आणि सासू नागूबाई. चूल पेटायची ती हिच्या हातावर.

रझाकारांच्या गडबडीच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. धाराशिवात देवीची साथ आली. मालकानं हुकूम काढला की देवी काढून घेतल्याबिगर कुणी जिनात पाय ठेवायचा न्हाय. सरकारी देवी काढणारा धोंडप्पा फाटकाशी पेटी मांडून बसला. मुकादम बब्रुवानानं त्याच्याकडून ऐकून सगळ्यांना नेम सांगितला. कुणाला धरून टोचणार न्हाईत. पण न टोचणाऱ्याला काम न्हाय. अंगात ताप किंवा खरूज असंल त्याचं बरं झाल्यावर. लहानपणी काढलेली असली तरी लई वर्षं झाली, पुन्हा काढायची. ज्याला देवी येऊन गेली त्याला मात्र माफी, कारण त्याला ती सहसा पुन्हा येत न्हाय. धोंडप्पानं तपासून चिठ्ठी दिली की झालं.

माझी बारी आली. मला ताप न्हाय, खरूज न्हाय, कसलंच निमित्त सापडंना. दंडावर ओरखडा काढून घेतला, चिठ्ठी कमरेला खोवली.

गजराबाई मागं सरली. म्हणाली, आईनं देवीला बोल दिलाय, माझ्या अंगाला टोचणी लागू द्यायची न्हाय. टोचलं तर देवी कोपंल, घरावर येईल.

मुकादमाचा चेहरा वाकडा झाला. "बाई, तोंडभर सुया टोचून घेतल्या तवा देवी कुठं गेली होती?"

बायका हसल्या. मला मात्र हसू आलं न्हाय, कारण तिनं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला होता. मुकादम पुढं म्हणाला की नवस ही सबब मालकाला चालत न्हाय. आज एकाचा नवस मानला तर उद्या सगळ्यांचे नवस निघतील. नावं कापायची वही बगलेत होतीच. धोंडप्पा तिला समजावून सांगत होता, ती ऐकत नव्हती. हट्टी म्हणावं, तर डोळे भरलेले.

तेवढ्यात नागूबाई भाकरी घेऊन आली. काय झालं ते मी सांगितलं. म्हातारीनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं, सुनेची हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडं वळवलं.

"धोंडप्पा, जवळून बघा. हिला देवी येऊन गेलीया."

गजराबाईचा चेहरा पांढरा पडला. धोंडप्पा वाकला. गोंदणाचा ठिपका सपाट असतो, त्यात खोली नसते. इथं ठिपक्याठिपक्याखाली वाटोळी खळी होती. त्यानं हनुवटीवर, गालावर, कपाळावर बघितलं, कुठल्या वयात आली ते विचारलं. ती म्हणाली, सहाव्या वर्षी. इतकं हळू की मुकादमाला पुन्हा विचारावं लागलं.

"आधीच सांगायचं की बाई," धोंडप्पा म्हणाला आणि माफीची चिठ्ठी लिहिली. मुकादमानं वही बगलेतच ठेवली.

संध्याकाळी नागूबाई सुनेला न्यायला पुन्हा आली आणि आम्ही तिघी एका वाटेनं निघालो. गजराबाई सासूच्या दोन पावलं मागं. शेवटी तिनं धीर केला. सोयरीक मोडू नये म्हणून आईनं लग्नाआधी गोंदणारीण बोलावली होती, वण झाकायला. सासरी कळलं तर परत पाठवतील या भीतीनं बारा वर्षं तिनं पदर पुढं ओढला होता. आज फाटकात देवी आल्याचं बोललं तर माफी मिळते, हे कानानं ऐकलं होतं. पण काम जाण्यापेक्षा घर जाण्याची भीती मोठी. टोचायला धोंडप्पा जवळ वाकला तर खळ्या दिसतील, म्हणून तिनं नवसाचं खोटंच रचलं होतं.

"आत्याबाई, तुम्हाला कवा कळलं?"

"लग्नाच्या हळदीलाच. तुझ्या गालावर हळद चोळली न्हाय का म्या? बोटाला खळ्या लागल्या. म्हटलं, पोरगी लपवतीया तर लपवू दे. एवढं गोंदून घेणारीला आणखी काय दुखवायचं?"

गजराबाई रस्त्यातच खाली बसली आणि हसायला लागली, रडतरडत. नागूबाई म्हणाली, "ऊठ, चूल पेटवायचीया."

दुसऱ्या दिवशी गजराबाई कामाला आली ती पदर मागं टाकून. हनुवटीवर ऊन पडलं की खळ्या दिसायच्या. आम्ही जवळ बसणाऱ्यांनी त्या आधीच बघितल्या होत्या, कुणी बोलली नव्हती इतकंच.