चांदवडची तुटक रेघ

तांबट आळीत एक बातमी पक्की होती: आमच्या छापखान्यातल्या निसारचाचांना रंग दिसत नाहीत. म्हणे, बिलकिसचाचीसाठी हिरवं लुगडं आणायला गेले आणि तांबडं घेऊन आले! एका काकूंनी तर मला डोळे मोठे करून सांगितलं, "अगं, टोमॅटो पिकलाय की नाही हेसुद्धा त्यांना दाबून बघावं लागतं."

साफ खोटं. लुगडं तांबडंच हवं होतं. चाचांना बोराच्या गालावरची लाली दुकानाबाहेरून दिसते. फक्त नकाशे, तक्ते काढायला बसले की ते रंगांना विचारत नाहीत. कारण आमचा छापखाना काळ्या शाईचा. तिथं रंग काय, पाहुणा. आला तसा जातो.

गेल्या वर्षी तो कसा गेला ते साऱ्या जिल्ह्यानं पाहिलं. कांदा उत्पादक संघाच्या अहवालात तीन बाजारांच्या वर्षभरातल्या भावांचा आलेख होता, प्रत्येक बाजाराला एक रेघ. चिटणीस खंडेराव यांनी तो हौसेनं काढला: ओझर तांबडं, नाशिक हिरवं, चांदवड निळं. चाचा तेव्हा मालेगावला बहिणीच्या लग्नात. बाबांनी घाईत तोच कागद ब्लॉकवाल्याकडे, म्हणजे फोटो काढून छपाईचा ठसा करणाऱ्याकडे, पाठवला. फोटोत तांबडं आणि हिरवं दोन्ही काळंकुट्ट उतरलं, आणि फिकं निळं पांढऱ्यात विरघळून गेलं. सभेत चांदवडचे केरूतात्या उठले, "आमचं चांदवड गेलं कुठं? वाहून गेलं का?" मग जी हाणामारी झाली!

दोष अर्थात चाचांच्या माथी. यंदा खंडेराव आले ते मान वाकडी करून. (त्यांची मान आणि आवाज मला हुबेहूब जमतो.) "म्हणजे असं आहे, निसारभाई, यंदाही गोंधळ झाला तर अहवाल छापायला पुण्याला जाणार. म्हणजे असं आहे, माझाही नाइलाज."

ते गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "संघाचं काम गेलं तर नकाशेवाला ठेवणं मला परवडणार नाही, निसार." चाचांनी पान थुंकलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या कागदावर काळ्या शाईनं रेघा ओढल्या. ओझर अखंड, जाडसर. नाशिक आडवी रेघ आणि ठिपका, रेघ आणि ठिपका. चांदवड बारीक ठिपक्यांचं. मग कागद दाराला टाचला आणि स्वतः उलट्या पावलांनी गल्ली ओलांडून समोरच्या तांबटाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. हातोड्यांचा ठणठणाट, आणि हे डोळे बारीक करून बघताहेत! तांबट म्हणाला, "रंग तर गेलेच, आता नजरही गेली."

"छापताना अर्ध्यानं लहान होणार, बेटा," चाचा मला म्हणाले. "म्हणून दुप्पट लांबून बघायचं. बघ, ठिपके एकमेकांना चिकटले. शाईत तर त्यांचा लगदाच होईल."

कागद परत फळीवर. चांदवडला आता लांब लांब तुटक रेघा मिळाल्या, मध्ये ऐसपैस जागा. खरी अडचण जूनमध्ये होती, तिथं तिन्ही भाव एकमेकांना छेदत होते. तिथं चाचा श्वास रोखून बसले. चांदवडची रेघ ओझरच्या रेघेवरून जाताना तिची फट बरोबर छेदावर येत होती. त्यांनी फट मागे सरकवली, म्हणजे छेदावर भरीव तुकडाच यावा. खाली कुठली रेघ कुणाची अशी सूची न करता प्रत्येक रेघेच्या टोकाशी गावाचं नाव लिहिलं.

"नाव वाचता येतं त्याला जमेल," मी म्हटलं. "केरूतात्यांना अक्षर येत नाही. जूनमध्ये त्यांचं बोट ओझरला जाणार!"

"पैज?"

"पैज! तुम्ही हरलात तर खंडेरावांसमोर खंडेरावांची नक्कल करायची."

"आणि तू हरलीस तर दिवाळीपर्यंत कोणाचीच नाही."

छापून आलेला नमुना तपासायला खंडेराव मुद्दाम केरूतात्यांनाच घेऊन आले. "म्हणजे असं आहे, तात्या, ह्या टोकाला तुमचं चांदवड. बोट शेवटपर्यंत न्या."

बाबांनी काम थांबवलं. चाचा खिडकीबाहेर बघत होते, हातातलं पान तसंच. तात्यांचं काळं, चिरलेलं बोट चालू लागलं. जानेवारी, मार्च, मे. जूनच्या गाठीत येऊन थांबलं. मी मनातल्या मनात चाचांच्या तोंडून "म्हणजे असं आहे" ऐकूसुद्धा लागले.

"हा तर आमच्या मंडळीचा धावदोरा हाय," तात्या हसले. "गोधडीत दुसऱ्या दोऱ्यावरनं असाच जातो." आणि बोट गाठीतून सरळ पलीकडे निघालं, डिसेंबरात जाऊन टेकलं. "लय पडलाय की रं भाव! पण दिसतोय."

खंडेरावांनी मान आणखी वाकडी केली. "म्हणजे असं आहे, पुण्याचं आता राहू द्या."

हे सगळं मला त्याच क्षणी करून दाखवायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. चाचांनी पान तोंडात घातलं आणि चुनाभरलं बोट ओठांवर ठेवलं.

दिवाळीला अजून सहा महिने आहेत.